«दकुमेंतफ» आणि «दकुमेंती»: चार दिवस एका प्रत्ययापायी गेले

ही माझ्याच चुकीची गोष्ट आहे, त्यामुळे कुणाचं नाव घेत नाही. भोसरीतली एक छोटी कंपनी पंपांचे स्पेअर पार्ट रशियात पाठवते आणि त्यांची रशियन पत्रं, मेल वगैरे भाषांतर करायचं काम माझ्याकडे असतं. माल निघून गेला होता आणि त्याची मूळ कागदपत्रं (इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट) वेगळ्या कुरिअरने येकातेरिनबुर्गच्या पार्टीला गेली होती. आठवडा झाला म्हणून साहेबांनी माझ्याकडून विचारणा लिहून घेतली, की कागद मिळाले का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन वाक्यांचं. अंदाजे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो: «दकुमेंतफ ने पलुचाली. कुर्येरा ने बिलो.»

मी लगेच मराठी करून पाठवलं, «कागदपत्रं मिळाली नाहीत, कुरिअर आला नाही.» साहेबांनी ते «अजून पोचली नाहीत, येतील» असं वाचलं, आणि मीही मनात तेच धरलं होतं खरं सांगायचं तर. चार दिवस सगळे शांत. पाचव्या दिवशी त्यांनी कुरिअरचं ट्रॅकिंग उघडलं तर तिथे पाकीट «डिलिव्हर» होऊन नऊ दिवस झालेले, आणि मला फोन, अहो हे काय आहे, पोचलंय म्हणतंय आणि ते लोक नाही म्हणतायत, तुम्ही नीट वाचलं होतं ना?

नीट वाचलं नव्हतं. शब्द वाचले होते, विभक्ती वाचली नव्हती.

आता त्या वाक्यात काय होतं ते बघू. रशियनमध्ये «कागदपत्रं मिळाली» म्हणायचं तर कर्म द्वितीयेत येतं, «दकुमेंती». वाक्य नकारार्थी झालं की तेच कर्म कधी द्वितीयेतच राहतं आणि कधी षष्ठीत जातं, म्हणजे «दकुमेंतफ» होतं. ही षष्ठी मालकीची नाही, कुणाचं काय वगैरे काही नाही, फक्त नकारामुळे आलेली. रशियन व्याकरणात तिला सरळ «नकाराची षष्ठी»च म्हणतात. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलेलं असतं, दोन्ही चालतात म्हणून, आणि आपण विद्यार्थी ते «दोन्ही सारखंच» असं लक्षात ठेवतो. तिथेच घोळ होतो.

समोरच्यांनी «दकुमेंती ने पलुचीली» लिहिलं असतं तर अर्थ साधारण असा झाला असता की ते कागद, ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय, ज्यांची आम्ही वाट बघतोय, ते हातात पडले नाहीत. कागद ठरलेले आहेत, कुठेतरी वाटेत आहेत, फक्त मिळण्याची क्रिया झाली नाही. «दकुमेंतफ ने पलुचाली» मध्ये कागदांचं अस्तित्वच त्या वाक्यात धरलेलं नाही. आमच्याकडे कागद म्हणून काही आलंच नाही, कुठलेच, कधीच. मराठीत दोन्हीला «मिळाली नाहीत» चालतं, म्हणून मला फरक दिसला नाही, पण मराठीतही नीट म्हणायचं तर दुसऱ्याचं भाषांतर «आमच्याकडे कुठलीच कागदपत्रं आलेली नाहीत» असं व्हायला हवं होतं. हे वाचून साहेब त्याच दिवशी ट्रॅकिंग काढायला बसले असते, कारण हे «वाट बघतोय» नाहीये, हे «आमच्यापर्यंत काही पोचवलेलंच नाही» आहे.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण मी नंतर उत्साहाच्या भरात माझ्या जुन्या मॅडमना फोन केला आणि हा सगळा शोध सांगितला, तर त्या म्हणाल्या, «अरे, सगळं ओझं विभक्तीवर टाकू नकोस. क्रियापद बघितलंस का?» बघितलं नव्हतं. «पलुचीली» आणि «पलुचाली», एका स्वराचा फरक. पहिलं पूर्ण झालेल्या एका क्रियेचं रूप, दुसरं अपूर्ण क्रियेचं. नकारात ते दुसरं रूप आलं की बऱ्याचदा «अशी गोष्ट घडलेलीच नाही, कधीच नाही» असा सूर लागतो, थोडा हात झटकणारा. म्हणजे त्या मेलमध्ये षष्ठी आणि हे क्रियापद, दोघं मिळून एकाच दिशेला ढकलत होते, आणि शिवाय कर्म वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं होतं, म्हणजे «कागदांचं म्हणाल तर» असा रोख. यातलं एक एक सुटं असतं तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो.

मग दुसरं वाक्य, «कुर्येरा ने बिलो». हे माझ्यासाठी जास्त लाजिरवाणं आहे कारण ते इतकं सोपं आहे. इथे तर कर्म नाहीच, कुरिअरवाला कर्ता आहे, आणि तोही षष्ठीत गेलाय. «कुर्येर» हे पुल्लिंगी, त्याचं क्रियापद «बिल» यायला पाहिजे, पण आलंय «बिलो», नपुंसकलिंगी एकवचन. कर्ता षष्ठीत गेला की क्रियापदाला जुळायला कुणी उरत नाही, मग ते असं कोरडं नपुंसकलिंगी होऊन बसतं.

मराठी माणसाला हे कळायला खरं तर एक मिनिट लागायला नको. शाळेत भावे प्रयोग शिकवतात ना, «मुलीने कुत्र्याला हाकललं», «मुलांनी मांजरांना पकडलं». मुलगी असो, मुलं असोत, एक कुत्रा असो की दहा मांजरं, क्रियापद आपलं «ललं», कारण कर्त्याला «ने» लागलंय, कर्माला «ला» लागलंय, प्रथमेत कुणी उरलंच नाही ज्याच्याशी जुळावं. रशियनमध्ये कारण वेगळं आहे, नकार, पण यंत्र तेच. मी हे वर्गात कुणाकडून ऐकलं नव्हतं, या मेलनंतर स्वतःच सुचलं, आणि मग राग आला की आधी का नाही.

अर्थाचा फरक इथेही आहे. «कुर्येर ने बिल» असं म्हटलं तर एक कुरिअरवाला आहे, आपण त्याच्याबद्दल बोलतोय, तो त्या ठिकाणी गेला नव्हता. त्याची बाजू सांगितल्यासारखं. «कुर्येरा ने बिलो» मध्ये आपण त्या जागेवर उभे आहोत आणि सांगतोय की इथे कुरिअरवाला असा कुणी नव्हता. त्या बाईंनी (मेल लिहिणारी लॉजिस्टिक्सवाली बाई होती) आपल्या ऑफिसच्या दारात उभं राहून लिहिलं होतं, आणि मी ते कुरिअरवाल्याच्या प्रवासाचं वर्णन म्हणून वाचलं.

पाकीट शेवटी सापडलं. ऑफिसमध्ये नाही, गोडाऊनच्या गेटवर कुणीतरी सही करून घेतलं होतं. म्हणजे बाई खरंच बोलत होत्या, त्यांच्या दारात कुणी आलंच नव्हतं. दुसरा मेल आला: पाकीट मिळालं, इनव्हॉइस आहे, पॅकिंग लिस्ट आहे, आणि मग «सेर्तिफिकाता न्येत», सर्टिफिकेट नाही. हे «न्येत» म्हणजे «आहे» चं नकारार्थी, आणि त्याच्यासोबत षष्ठी सक्तीची, पर्यायच नाही. वेळ नाही, पैसे नाहीत, घरी कुणी नाही, सगळीकडे षष्ठी. भूतकाळात «ने बिलो», भविष्यात «ने बूदेत», तिथेही «अमुक गोष्ट नव्हती, नसेल» असा अर्थ असला की षष्ठीच. पहिल्या महिन्यात हे शिकवतात आणि हे कुणी चुकत नाही.

गंमत त्याच मेलच्या पुढच्या ओळीत होती. «सेर्तिफिकात इश्चेम, पका ने नश्ली.» सर्टिफिकेट शोधतोय, अजून सापडलं नाही. तीच वस्तू, एका ओळीत «सेर्तिफिकाता», पुढच्या ओळीत «सेर्तिफिकात». पहिल्या ओळीत «नाही» म्हणायचंय म्हणून षष्ठी सक्तीची. दुसऱ्या ओळीत तो शब्द «शोधतोय» चं कर्म आहे, होकारार्थी, म्हणून द्वितीया, आणि «सापडलं नाही» ला वेगळं कर्मच लिहिलेलं नाही. आणि समजा लिहिलं असतं, «सेर्तिफिकात ने नश्ली», तरी द्वितीया अगदी नैसर्गिक वाटली असती, कारण आता ते एक ठरलेलं, दोघांना माहीत असलेलं सर्टिफिकेट आहे, पाकिटात असायला हवं होतं असं.

हा जो «ठरलेलं की कुठलंच नाही» फरक आहे तो आपल्याला परका नाही. «मी माणूस शोधतोय» आणि «मी त्या माणसाला शोधतोय» यात आपण «ला» ने हेच काम करतो. फक्त मराठीत ते मुख्यतः सजीवांपुरतं असतं, «मी पुस्तकाला वाचलं» कुणी म्हणत नाही, आणि नकाराशी त्याचा संबंध नाही. पण ठरलेल्या वस्तूला कर्माची ठळक विभक्ती मिळते ही जाण आपल्या कानात आधीच आहे, ती वापरावी.

आता माझी पुढची चूक, जी पहिलीपेक्षा मजेशीर आहे. हे सगळं कळल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी जिथे रशियन नकाराचा «ने» दिसेल तिथे षष्ठी लावायला लागलो. सर्टिफिकेट आमच्याकडेच राहिलं होतं, टेबलावर. ते पाठवायचं आणि सोबत मेल लिहायचा. साहेबांना लिहायचं होतं की आम्ही मूळ प्रत दुसऱ्याच पत्त्यावर पाठवणार होतो, थोडक्यात वाचलो, आणि यापुढे मूळ प्रत साध्या कुरिअरने पाठवायची इच्छा नाही. मी लिहिलं «येद्वा ने अत्प्राविली अरिगिनाला» आणि «ने खतीम अत्प्रव्ल्यात अरिगिनाला». दोन्ही ठिकाणी षष्ठी, ऐटीत. पाठवायच्या आधी सुदैवाने मॅडमना दाखवलं.

पहिलं त्यांनी लगेच कापलं. «येद्वा ने» म्हणजे «होता होता राहिलं», जवळजवळ पाठवलंच होतं. त्यात «ने» दिसतो पण तो खरा नकार नाही, दोन शब्दांचा मिळून एक अर्थ झालाय. म्हणून तिथे फक्त द्वितीया, «अरिगिनाल». षष्ठी लावली तर रशियन माणसाला ते खटकतं, चूकच वाटते. तसंच «ने» क्रियापदाला न चिकटता दुसऱ्या कशाला तरी चिकटला, जसं «मी नाही पाठवलं, त्याने पाठवलं» किंवा «नेहमीच पाठवत नाही», तरी कर्म बहुतेक द्वितीयेतच राहतं, कारण नकार क्रियेचा नाही, करणाऱ्याचा किंवा वारंवारतेचा आहे. म्हणजे आधी विचारायचं की हा «ने» नेमका कुणाला नाही म्हणतोय.

दुसऱ्या वाक्यावर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, «यावर पुश्किनचं भांडण झालंय.» ते खरं आहे. «येवगेनी अनेगिन» मध्ये एक ओळ आहे, दोन शतकांमध्ये भांडण लावायची माझी इच्छा नाही अशा अर्थाची, आणि त्यात «दोन शतकं» द्वितीयेत आहेत. एका टीकाकाराने धरलं, नकार आहे तर षष्ठी हवी. पुश्किनने 1830 मध्ये त्याला उत्तर लिहिलं. तो म्हणतो नियम बरोबर आहे, «मी कविता लिहीत नाही» मध्ये कविता षष्ठीतच जाईल, पण माझ्या ओळीत «ने» हा «इच्छा» या क्रियापदाला लागलाय, «भांडण लावणे» ला नाही. मग तो मुद्दाम क्रियापदांची एक लांबलचक साखळी करतो, मी तुम्हाला अमुक सुरू करू द्यायची परवानगी देऊ शकत नाही अशा छापाची, आणि विचारतो की नकाराची ती विजेसारखी शक्ती एवढ्या सगळ्या क्रियापदांतून आरपार जाऊन शेवटच्या नामाला झटका देणार का? मला नाही वाटत, म्हणतो.

माझ्या वाक्यात साखळी छोटी होती, «इच्छा नाही» आणि «पाठवणे», दोनच कड्या. दोन कड्यांत षष्ठी अगदी चूक म्हणता येत नाही, पुस्तकी रशियनमध्ये दिसते, पण आज बोलणारा माणूस ठराविक वस्तूसाठी तिथे द्वितीयाच घेईल. मॅडमनी «अरिगिनाल» केलं.

हे «आज» महत्त्वाचं आहे. जुन्या रशियनमध्ये नकार आला की कर्माला षष्ठी हा जवळजवळ पक्का नियम होता. शेजारच्या पोलिशमध्ये तो अजून तसाच पक्का आहे, चेकमध्ये जवळपास गेलाय, आणि रशियन मधे कुठेतरी लोंबकळतेय, हळूहळू द्वितीयेकडे सरकत. म्हणून जुन्या कादंबरीत षष्ठी भरपूर दिसते आणि आजच्या चॅटमध्ये कमी, आणि तेच वाक्य एखाद्या वयस्कर प्राध्यापकाने षष्ठीत लिहिलं तर त्यात «कुठलंच नाही» असा अर्थ असेलच असं नाही, ती त्यांची सवय असू शकते. मी पहिल्या मेलचा अर्थ ठामपणे लावतो तो म्हणूनच क्रियापदाच्या आणि दुसऱ्या वाक्याच्या जोरावर, फक्त «दकुमेंतफ» च्या जोरावर नाही.

काही ठिकाणी मात्र षष्ठी अजिबात हलत नाही. «ने ईमेत», म्हणजे बाळगून नसणे, सोबत कायम षष्ठी: हक्क नाही, कल्पना नाही. «लक्ष न देणे» हा वाक्प्रचार षष्ठीत गोठलाय. «एकही» सोबत तर षष्ठीच, «नी स्लोवा», एक शब्दही नाही. भाववाचक नामं आणि «दिसणं, ऐकू येणं, माहीत असणं, मिळणं» असली क्रियापदं षष्ठीकडे झुकतात, कारण न दिसणं म्हणजे बोलणाऱ्यापुरतं ते नसणंच. उलट रंगवणं, फोडणं, बंद करणं यात वस्तू समोर असतेच, मग द्वितीया. आणि «माशा» सारखं माणसाचं नाव असलं तर हल्ली बोलताना «माशू ने वीदिल», माशाला बघितलं नाही, द्वितीयाच. माशा कुठे अस्तित्वात नाही असं कुणाला म्हणायचं नसतं ना.

अजून एक, आणि हे वाचताना फसवतं. सगळ्या नामांत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. भाऊ, शिक्षक असल्या पुल्लिंगी सजीव नामांची द्वितीया आणि षष्ठी मुळातच सारखी, तिथे बघायला काही नाही. नपुंसकलिंगी आणि बऱ्याच स्त्रीलिंगी नामांत वेगळाच गोंधळ. पत्र म्हणजे «पिस्मो». त्याची एकवचनी षष्ठी «पिस्मा», आघात शेवटी. आणि अनेकवचनी द्वितीया «पीस्मा», आघात सुरुवातीला. रशियन लिहिताना आघाताची खूण देत नाहीत, म्हणून कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. «पिस्मा ने पलुचील» असं लिहिलेलं आलं तर ते «पत्रच मिळालं नाही» आहे की «ती पत्रं मिळाली नाहीत» हे वाक्यातून कळणार नाही, आजूबाजूचा मजकूर बघावा लागतो, किंवा फोन करून ऐकावं लागतं. पुस्तक, दार, यांची तर दोन्ही रूपं ऐकायलाही सारखीच. माझ्या प्रकरणात शब्द पुल्लिंगी निर्जीव आणि अनेकवचनी होता, «दकुमेंती» आणि «दकुमेंतफ» मध्ये शेपूट स्पष्ट वेगळं, म्हणजे चुकायला सबबसुद्धा नाही.

तेव्हापासून एक करतो, नकारार्थी वाक्य आलं की मराठी करायच्या आधी कर्माखाली रेघ मारतो. षष्ठी असेल तर पहिल्यांदा «कुठलंच», «एकही», «काहीच» घालून मराठी वाक्य म्हणून बघतो, आणि द्वितीया असेल तर «ते» घालून. बसलं तर ठेवतो, नाही बसलं तर काढतो, पण एकदा म्हणून बघतोच. आणि शंका राहिली तर साहेबांना दोन्ही अर्थ लिहून पाठवतो, थोडं कटकटीचं वाटतं त्यांना, पण चार दिवस जाण्यापेक्षा परवडतं असं तेच म्हणाले.

सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात पोचलं. बाईंचा मेल आला, पुन्हा दोनच वाक्यं: «सेर्तिफिकात पलुचीली. वप्रोसफ न्येत.» साहेबांनी फोनवर विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं सर्टिफिकेट मिळालं, आणि आता कुठलेच प्रश्न नाहीत. ते म्हणाले, «कुठलेच? तसं लिहिलंय का खरंच, की तुम्ही घातलंत?» मी म्हटलं, लिहिलंय, शेवटच्या «फ» मध्ये.